फ्रिजमधला भात आणि साखर : एक खुलासा

“भात रात्री फ्रिजमध्ये ठेवा, सकाळी गरम करून खा, साखर वाढतच नाही.”

हा मेसेज गेल्या आठवड्यात मीही पुढे पाठवला होता. त्यात अर्धंच खरं आहे. भात गार होताना स्टार्चच्या शिजताना सुट्या झालेल्या साखळ्या पुन्हा घट्ट जुळतात; शितं कडक लागतात ती त्यामुळेच. हा भाग लहान आतड्यात पचत नाही. इंडोनेशियातल्या 2015च्या अभ्यासात 24 तास फ्रिजमध्ये ठेवून गरम केलेल्या 100 ग्रॅम भातात असा स्टार्च 0.64वरून 1.65 ग्रॅम झाला. रक्तातल्या साखरेची चढण कमी झाली, थांबली नाही. आणि खाणारे 15 जण निरोगी होते. बाकीचे पंचवीसेक ग्रॅम स्टार्च पचतातच. म्हणून जास्तीची मूद वाढून घेऊ नका, मधुमेहाच्या गोळ्या तर मुळीच कमी करू नका. भात रात्रभर ओट्यावरही ठेवू नका. जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका.