विहिरीच्या पाण्यातला क्लोराइड: एका प्रतिक्रियेला उत्तर

"तुमची क्लोराइड मोजायची कृती वाचून आमच्या मळ्यातल्या विहिरीचं 50 मिली पाणी घेतलं, 0.02 नॉर्मल सिल्व्हर नायट्रेटने टायट्रेशन केलं. ब्युरेट 29.4 वर थांबली, म्हणजे लिटरला 417 मिलिग्रॅम. लॅबने 386 सांगितलं. डोळ्यांनी रंग बघून ठरवायचा हा अंदाजपंचे कारभार आहे. शिवाय ग्रामपंचायत विहिरीत जंतुनाशक टीसीएल पावडर टाकते, त्याचाच क्लोराइड मोजला जात असेल. लोकांना चुकीचं शिकवू नका. – मुक्ताईनगर तालुक्यातला वाचक"

भाऊ, तुम्ही वाचन लिहून पाठवलंत म्हणून चूक शोधता आली. तिच्यातला मोठा वाटा माझ्या लेखाचा आहे, डोळ्यांचा नाही. बाटलीवरची 0.02 ही ताकद खरी धरून चाला, असं मी लिहिलं होतं. ते लिहायला नको होतं.

सिल्व्हर नायट्रेट उजेडाने बिघडतं. पांढऱ्या बाटलीत खिडकीशी ठेवलं की थोडी चांदी सुटी होऊन तळाशी काळसर साका बसतो आणि द्रावण कमजोर होतं. कमजोर द्रावण जास्त लागतं, म्हणून आकडा नेहमी वरच जातो. तुमचा वरच गेलाय. काल माझीच बाटली तपासली. वाळवलेलं शुद्ध सोडियम क्लोराइड 1.169 ग्रॅम घेऊन लिटरभर डिस्टिल्ड पाण्यात विरघळवलं, की बरोबर 0.02 नॉर्मल होतं. घरचं मीठ यासाठी चालत नाही, त्यात आयोडीन आणि मोकळं राहण्यासाठीची भुकटी असते. या द्रावणाचे 10 मिली पिपेटने घेतले, डिस्टिल्ड पाणी घालून 50 मिली केले आणि टायट्रेशन केलं. ब्युरेट 10.9 वर थांबली. नुसत्या 50 मिली डिस्टिल्ड पाण्यालाही रंग यायला 0.3 मिली लागले. हे ब्लँक. ते वजा केल्यावर 10.6 उरले, म्हणजे द्रावणाची खरी ताकद 0.2 भागिले 10.6, म्हणजे 0.0189.

तुमची बाटली माझ्यासारखीच उतरली असेल असं धरून तुमचं वाचन पुन्हा मांडतो. 29.4 मधून ब्लँकचे 0.3 गेले, उरले 29.1. त्याला 0.0189 ने गुणा, मग 35.45 ने, मग 1000 ने, आणि 50 ने भागा. उत्तर 390 येतं. लॅबपासून 4 मिलिग्रॅम लांब, म्हणजे ब्युरेटवर 0.3 मिली. तुमची बाटली वेगळी निघेल, म्हणून हीच तपासणी तुमच्या द्रावणावर करा आणि मला कळवा.

आता रंगाचं. पोटॅशियम क्रोमेटचं 5 टक्क्यांचं द्रावण 1 मिली टाकलं की पाणी पिवळं होतं. चांदीचे थेंब पडू लागले की दह्यासारखा पांढरा गढूळपणा येतो. प्रत्येक थेंब पडतो तिथे तांबूस ठिपका उमटतो आणि फ्लास्क हलवला की विरतो. शेवटी शेवटी विरायला वेळ लावतो. सगळीकडे फिकट पिवळसर-तांबूस छटा पहिल्यांदा टिकली की थांबायचं. विटेसारखा लाल होईपर्यंत वाट पाहिली तर अर्धा-एक मिली सहज जास्त जातं. मी एक युक्ती करतो: त्याच पाण्याचा दुसरा फ्लास्क क्रोमेट घालून, एक-दोन मिली कमी चांदी टाकून, पांढऱ्या कागदावर शेजारी ठेवतो. नजरेला तुलना मिळाली की छटा चुकत नाही. तीन वेळा करा. तिन्ही वाचनं 0.2 मिलीच्या आत हवीत.

पीएच 7 ते 9.5 मध्ये आहे का, एवढं कागदाने पाहा. पाणी आम्लधर्मी असेल तर क्रोमेट बदलतं आणि रंग उशिरा येतो. फार क्षारीय असेल तर चांदी हायड्रॉक्साइड होऊन वाया जाते. दोन्ही वेळा आकडा वर जातो. विहिरीचं पाणी सहसा या हद्दीत बसतं, पण आम्ल घालून साठवलेला नमुना मात्र या कृतीला चालत नाही.

टीसीएलबद्दलची शंका हिशोबाने सुटते. नेहमीची मात्रा हजार लिटरला सुमारे 2.5 ग्रॅम पावडर. म्हणजे लिटरला 2.5 मिलिग्रॅम, आणि तीही सगळी क्लोराइड नाही. 390 मध्ये ती दिसणारही नाही. पूर्णेच्या खोऱ्यातल्या गाळात विहिरी मुळातच खाऱ्या निघतात, तुमचा क्लोराइड बहुधा जमिनीतूनच आलाय. पण विहिरीजवळ संडासाचा खड्डा किंवा उकिरडा असेल तर नायट्रेटही तपासून घ्या.

भारतीय मानकात 250 ही स्वीकारार्ह मर्यादा आहे, दुसरा स्रोत नसेल तर 1000 पर्यंत चालतं. तुमच्या विहिरीचा निकाल 417 ने किंवा 390 ने बदलत नाही. पण शेजारच्या विहिरीचं 262 आलं असतं, तर हीच दुरुस्ती केल्यावर ते 250 च्या खाली गेलं असतं. म्हणून मूळ लेखात आज ब्लँक आणि तपासणी दोन्ही घातली आहेत. क्रोमेट विषारी आहे, हातमोजे घाला आणि उरलेलं द्रावण मोरीत ओतू नका, बाटलीत साठवून कॉलेजच्या प्रयोगशाळेत द्या.