कूलर दिला, पाखाडी घेतली

आज शाळेच्या स्नेहसंमेलनात शेठना शाल-श्रीफळ दिलं. निमित्त, त्यांनी दिलेला पाण्याचा कूलर. टाळ्या मीही वाजवल्या, पण तेव्हापासून डोकं तापलंय.

कारण याच शेठनी दिवाळीत आमची पाखाडी बंद केली. वरच्या वाडीतून बंदरावर उतरणारी, आजोबांच्याही आधीची वाट. तिच्यावर आता चिऱ्याचा गडगा, वर सिमेंटमध्ये बाटल्यांच्या काचा. मासे विकणारी मावशी डोक्यावर पाटी घेऊन, दुखरा गुडघा ओढत डांबरी रस्त्याने वळसा घालते. कूलरचं पाणी तिच्या काय कामाचं?

श्रीमंत असणं चूक नाही हो. रत्नागिरीच्या भागोजीशेठ कीरांनी गरिबीतून वर येऊन मुंबईत बांधकामाच्या धंद्यात अमाप पैसा केला. त्याच पैशातून 1931 साली पतितपावन मंदिर उभं राहिलं, सगळ्या जातींना खुलं. ज्यांना देवळाच्या पायरीशी अडवत होते, ते गाभाऱ्यापर्यंत गेले. पैसा असावा तर असा. आमच्या शेठनी चार एकरांतली सहा फूट वाट सोडली असती तर त्यांचं काय गेलं असतं? आधी गावाचं आहे ते गावाला राहू द्या, मग दानाचं बघू.

बरं, वाडीतल्या दोन पोरांना त्यांच्याकडे नोकरी लागलीय, तेही खरं. म्हणून तर कोणी तोंड उघडत नाही!

गांधीजी म्हणायचे, धनिकांनी स्वतःला संपत्तीचे विश्वस्त समजावं. पण विश्वस्ताला हिशेब द्यावा लागतो. शेठकडे हिशेब मागणार कोण? मावशी? ती तर म्हणते, "जाऊ दे रे, मोठी माणसं ती." हे ऐकलं की मला शेठपेक्षा आपलाच राग येतो.

शेठ वाईट नसतीलही. मुंबईच्या वकिलाने सातबारा बघून "जागा तुमचीच" सांगितलं असेल, आणि पाखाडी सातबाऱ्यावर दिसत नाही. पण वीस वर्षं उघडपणे, हक्काने, कोणी न अडवता वापरलेल्या वाटेचा हक्क 1882 च्या सुविधाधिकार कायद्यात आहे. आणि अडवलेली वाट मोकळी करायला 1906 च्या मामलेदार कोर्ट कायद्याखाली तहसीलदाराकडे दावा लावता येतो. फक्त अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. म्हणजे हापूस उतरायला लागेल तोवर मुदत संपत येईल.

शेठशी आधी नीट बोलू, मी स्वतः जाईन. पण सोमवारी अर्जाची तयारीही सुरू करतोय. पाखाडीचे जुने फोटो, लग्नाच्या वरातीचे, गणपती विसर्जनाचे, ज्यांच्याकडे असतील त्यांनी पाठवा. आणि वाडीतली सत्तरीपुढची माणसं साक्षीला येतील का, तेवढं घरी विचारून कळवा.