बाबा, फवारणी झाली हां

बाबा, आज 7 जून. तू असतास तर मी सकाळी विश केल्याबरोबर "बरं बरं, उद्या मिरग लागतो, ते बघा आधी" म्हणून विषय बदलला असतास आणि चहाचा कप घेऊन कुळागरात, आपल्या पोफळींच्या बागेत, खाली उतरला असतास, हे मला माहीत आहे, तरी पण हॅपी बड्डे बाबा.

भाऊ म्हणतो गेलेल्या माणसाचा वाढदिवस कोण करतं, तिथी असते ना. असते. पण तुझ्या तिथीला सगळं भटजींच्या हातात असतं बघ, दर्भ कुठे ठेवायचा, तीळ किती, पिंडाला कावळा कधी शिवतो, पान कोणाचं आधी, आणि मी स्वयंपाकघरात आईच्या मागे वाट्या भरत उभी. तुझ्याशी बोलायला त्या दिवशी वेळच मिळत नाही. आणि ती तारीख शेवटी तू गेल्याचीच, त्या दिवशी मला हॉस्पिटलचा कॉरिडॉर आठवतो, तू नाही आठवत. वाढदिवसाला काही विधी नाही, कसलं सोवळं नाही, म्हणून मला हाच दिवस बरा वाटतो. ज्याला जे वाटायचं ते वाटू दे.

आणि खरं सांगू का, तुझा वाढदिवस हा आमच्या घरात कधी वाढदिवस नव्हताच रे, ती डेडलाईन होती. आजीने तुला 1951 साली मिरगाच्या आदल्या दिवशी जन्म दिला आणि तू त्याचा आयुष्यभर फायदा घेतलास. "माझ्या बड्डेच्या आदीं पयली फवारणी जावंक जाय." केक वगैरे नंतर. लहानपणी मला वाटायचं सगळ्यांच्याच बाबांच्या वाढदिवसाला घरभर मोरचुदाचा वास येतो आणि हात निळे असतात, मग शाळेत गेल्यावर कळलं की नाही, हे फक्त आपल्याकडे.

आता मी स्वतः करायला लागले तेव्हा त्या घाईचा अर्थ कळला. कोळे रोग पावसाबरोबर येतो. सुपारीच्या कोवळ्या फळावर देठाकडे पाणी मुरल्यासारखा काळपट हिरवा डाग पडतो, तो पसरतो, मग त्यावर पांढरी कापसासारखी बुरशी धरते आणि फळं गळायला लागतात. सकाळी पोफळीखाली हिरवी सुपारी पडलेली दिसली की समजायचं उशीर झाला. एका शिपट्यावरून, म्हणजे सुपारीच्या घडावरून, दुसऱ्यावर ते पावसाच्या शिंतोड्याने आणि वाऱ्याने जातं, आणि सगळ्यात वाईट म्हणजे धो धो पाऊस आणि मधेमधे एक सर, थोडं ऊन, परत सर असली हवा. म्हणजे आपला जुलै. बोर्डो मिश्रण, म्हणजे आपलं मोरचूद-चुन्याचं पाणी, लागलेला रोग बरा करत नाही, ते फक्त फळावर पातळ थर देऊन ठेवतं, रोग आत शिरू नये म्हणून. म्हणून ते पाऊस धरायच्या आधी, फळ कोरडं असताना, शिपट्याला सगळीकडून बसलं पाहिजे, आणि वाळायला काही तास उघडीप मिळाली पाहिजे. तू आकाशाकडे बघत बसायचास ते ह्यासाठी, आणि आम्ही म्हणायचो बाबा कविता करतायत.

तुझं मिश्रण करणं मी अजून तुझ्याच पद्धतीने करते बाबा. 100 लिटरचा हिशोब. मोरचूद 1 किलो, फडक्यात बांधून आदल्या रात्री पाण्यात लोंबकळत ठेवायचं, तळाशी टाकलं तर विरघळत नाही, दगडासारखं बसतं. कळीचा चुना 1 किलो, आधी थोड्या पाण्यात विरवून, मग गाळून, खडे पंपाच्या नोझलमध्ये जातात म्हणून. दोन्ही वेगवेगळ्या प्लास्टिकच्या पिंपात 50-50 लिटर पाण्यात. लोखंडी भांडं नाही, मोरचूद ते खातो. मग चुन्याच्या पाण्यात मोरचुदाचं पाणी बारीक धारेने ओतायचं आणि दुसऱ्याने काठीने ढवळत राहायचं. ढवळणारी मी असायची. हात दुखला म्हटलं की "बाय, थोडें आनीक" आणि ते थोडें कधी संपायचं नाही. रंग बरोबर आभाळी निळा आला पाहिजे, आणि केलेलं मिश्रण त्याच दिवशी संपलं पाहिजे, उद्यासाठी ठेवलं तर ते नुसतं खाली बसतं, फळाला चिकटत नाही.

आणि मग तुझी सुरी! भाजीची नाही, ती वेगळी, घासून लख्ख केलेली, पंपाच्या खोलीत खिळ्याला टांगलेली. मिश्रणात मिनिटभर बुडवायची आणि काढून उजेडात बघायची. पात्यावर तांबूस थर आला तर मोरचूद मोकळा राहिलाय, चुना कमी पडलाय, असलं मारलं तर शिपटीच भाजतात. पातं स्वच्छ निघालं तर चालू करा. गावात लोक हसायचे तुला, एवढी वर्षं करतोस अजून सुरी कसली घालतोस, डोळ्याने कळत नाही काय. तू म्हणायचास डोळ्याला चुन्याचं वय कळत नाही.

ह्या वर्षी ते वाक्य कामाला आलं बघ. मे महिन्याच्या शेवटी पंपाच्या खोलीत गेल्या साली उघडलेलं चुन्याचं पोतं होतं, अर्धं भरलेलं, तोंड नीट बांधलेलं नव्हतं, आणि आपला बाप्पा काका म्हणाला चुना तो चुना, वापरून टाक, फुकट कशाला घालवतेस. वजन करून बरोबर 1 किलो घेतला. रंग पण निळा आला, थोडा हिरवट वाटला मला पण सकाळची सावली होती. सुरी घातली, काढली, पातं तांबूस. बाप्पा गप्प. उघड्या हवेत राहिलेला चुना हवेतला कार्बन डायऑक्साईड ओढून परत चुनखडीसारखा होतो, त्याचा जोर जातो, वजन तेवढंच दिसतं, पण मोरचुदाला दाबायला तो पुरत नाही. मग फोंड्याहून नवीन बंद पिशवी आणवली, त्यातला विरवलेला चुना थोडा थोडा घातला, ढवळलं, सुरी परत घासली, परत घातली. पहिल्यांदा अजून हलका तांबूस. आणि थोडा घातला, तेव्हा पातं पांढरं निघालं. तासभर गेला, माणसं पोफळीखाली विड्या ओढत बसली होती आणि रोजाचे पैसे चालू होते, तुला माहीत आहे मला कसं वाटत असेल. पण तसंच मारलं असतं तर त्या पिंपातून जेवढी झाडं झाली तेवढ्यांची शिपटी भाजून गेली असती आणि आम्ही जुलैमध्ये म्हणालो असतो की ह्या वर्षी रोग लवकर आला. किती लोक असंच म्हणत असतील, औषधानेच भाजलेलं रोगाच्या नावावर घालत असतील, मला आता दाट संशय आहे.

आता एक गोष्ट तुला आवडणार नाही ती पण सांगते, वाढदिवस असला तरी. ह्या वर्षी सगळ्या पोफळींवर माणूस चढला नाही. वरच्या बाजूची झाडं कार्बन फायबरच्या लांब काठीने खालूनच मारली. तू असतास तर म्हणाला असतास की खालून मारलेलं शिपट्याच्या खालच्या अंगाला बसतं, वरचं कोरडं राहतं, आणि ते काही अंशी खरं आहे, मी स्वतः मान वर करून करून बघितलं, काठीवाल्याला झाडाच्या दोन्ही बाजूंनी फिरवावं लागतं, नाहीतर एक बाजू सुटते, आणि मान इतकी दुखते की तो पण कंटाळतो. पण बाबा, पायात दोरीचं कडं घालून चढणारा आणि वरच्यावर झाड झुलवून शेजारच्या पोफळीवर जाणारा आपला पाडेली आता साठीला आला. त्याची मुलं एक पणजीत हॉटेलात आहे, एक वेर्ण्याच्या फॅक्टरीत, आणि त्यांनी का चढावं रे? ओल्या खोडावरून माणूस घसरला तर आपण काय देणार त्याच्या घरच्यांना? तू ह्या विषयावर नेहमी "माणसां मेळतलीं" म्हणायचास. नाही मिळत. तुझं आणि माझं इथे पटलं नसतं आणि भांडण झालं असतं, आणि तू दोन दिवस अबोला धरून तिसऱ्या दिवशी ती काठी हातात घेऊन वजन किती आहे बघितलं असतंस. एवढं मी ओळखते तुला.

लोक विचारतात कशाला करतेस एवढं, वीकेंडला धावत येतेस पणजीहून, विकून टाका, सावईवेऱ्याकडे कुळागर बघायला टुरिस्ट येतात, कोणीतरी घेईलच. आई काही बोलत नाही. मी तुझ्या आठवणीसाठी करते असं सगळ्यांना वाटतं आणि ते फार गोड समजतात, पण तसं नाहीये. तू गेल्यानंतरच्या पहिल्या पावसात मी नुसती तुझी आठवण काढत फिरायची इथे, आणि रडायची, आणि त्याने एक सुपारी वाचली नाही. काम करताना मी तुझा विचार करतच नाही, चुन्याचा करते. तू मात्र मधेच कुठेतरी येतोस, ढवळताना, हात दुखायला लागला की. मला ते जास्त बरं वाटतं. फोटोला हार घालताना तू येत नाहीस, सॉरी.

झाडाखालची गळलेली फळं उचलायला ह्या वर्षी मी वेगळी टोपली ठेवलीय. तू ती गोळा करून लांब जाळायला लावायचास, आम्हाला वाटायचं स्वच्छतेचं वेड. तिथेच पडून राहिली तर रोग तिथूनच परत उडतो ना. भाच्याला काम दिलंय, दिवसाला चॉकलेट एक. तुझ्या वेळी आम्हाला काही मिळायचं नाही, त्याची नोंद घ्यावी.

फवारणीचा पहिला हात 27 मेला संपला. त्यानंतर चाळीस-पंचेचाळीस दिवस धरले तर दुसरा हात जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात येतो, तेव्हा सलग उघडीप मिळेल का देव जाणे, मिळाली की सुट्टी टाकून येणार आहे, बॉसला आत्ताच सांगून ठेवलंय. नवीन चुना दोन बंद पिशव्या आणून उंच फळीवर ठेवल्यात, आणि बाप्पाला दाखवून ठेवल्यात.

आईने मणगणं केलंय. तुला आवडायचं तसं, काजूचे तुकडे जास्त आणि गूळ कमी, जरी डॉक्टरने गूळ बंद केल्यावर तू तो कमी केलास असं आम्हाला सांगायचास आणि डब्यातला ढेकूळ रोज लहान होत जायचा. भाऊ दुपारी दुबईहून व्हिडिओ कॉल करणार आहे, त्याला कुळागराचा फोटो हवाय स्टेटसला लावायला. लाव म्हटलं. काठीवाल्याच्या बिलाचा फोटो पण पाठवलाय, अर्धे तुझे म्हणून. अजून निळी टिक आलेली नाही.