रस्सा ओट्यात घालून देऊ काय?

आमच्या वहिनी दर रविवारी घरातून मटणाची पार्सलं देतात. मंगळवार पेठेतल्या दोन खोल्या, एक मोठं पातेलं, एक त्याहून मोठं पातेलं, आणि दुपारी एकपर्यंत तीस पार्सलं. तांबडा, पांढरा, सुकं, तीन भाकऱ्या, कांदा-लिंबू, २२० रुपये. मी तिथं फुकट जेवतो, त्यामुळं सल्ला द्यायचा हक्क आपल्याला आहे अशी माझी समजूत होती.

एका रविवारी वहिनी उकळता तांबडा पातळ पिशवीत ओतून वर रबर गुंडाळत होत्या. पिशवी उष्णतेनं ढिली पडून दुधीभोपळ्यासारखी लोंबत होती. मी म्हटलं, "वहिनी, राज्यात २०१८ पासून ह्या पिशव्यांना बंदी आहे. पहिल्यांदा सापडलं तरी पाच हजार दंड. आणि एवढा गरम, तेलकट रस्सा असल्या पिशवीत घालू नये."

"मग काय भावजी, ओट्यात घालून देऊ काय?" त्यांची पळी थांबली नव्हती. "तुम्हीच बघा कायतरी. पुढच्या रविवारपर्यंत."

तो सबंध आठवडा मी डबे विकणाऱ्या दुकानांत काढला. दुकानदार डब्यात नेहमी पाणी ओतून दाखवतो. पाणी राहतं. पाणी कशातही राहतं हो! कोल्हापूरचा तांबडा वेगळ्या जातीचा असतो. तो पातेल्यातून निघतो तेव्हा उकळत असतो आणि वर बोटभर तर्री तरंगत असते. डब्याला एकाच वेळी उष्णता, वाफ आणि तेल असे तिघे भिडतात.

पहिली पाळी मक्यापासून केलेल्या पारदर्शक वाट्यांची. दिसायला काचेसारख्या, दुकानदाराच्या मते "एकदम बायो, साहेब". हा माल साठ अंशांच्या आसपासच मऊ पडतो, ताक-सरबतासाठी चांगला, हे मला नंतर कळलं. तांबडा ओतल्यावर वाटीनं आधी कंबर टाकली, मग मान. वहिनींनी ती चिमट्यानं उचलून मोरीत ठेवली.

दुसरा कागदी डबा. तो मात्र पठ्ठ्या निघाला. ओतला, झाकला, उलटा केला, थेंब नाही. मी छाती फुगवून बसलो. मग माझ्या पुतण्यानं, सोन्यानं, तो डबा भिजवून फाडला. आतून दुधावरच्या सायीसारखा पातळ पापुद्रा सोलून निघाला. प्लास्टिक. कागद नुसता सदरा होता, आत बनियन तेच. ज्याच्यासाठी एवढी पायपीट केली ते आम्ही कागदात गुंडाळून पुन्हा घरात आणलं होतं.

मग उसाच्या चिपाडाचा डबा आणला. ह्याच्यावर माझी भिस्त होती. जिल्हाभर ऊस, कारखान्यांच्या आवारात चिपाडाचे डोंगर, ते बॉयलरमध्ये जळतं आणि आपण त्याचा डबा विकत आणायचा, हे मला जरा झोंबलं. पण डबा खरंच उष्णता सोसतो. चटका लागत नाही, वाकत नाही. त्यात पांढरा भरला, तासभर ठेवला, काही झालं नाही. तांबडा भरला आणि अर्ध्या तासात डब्याला घाम फुटला.

मी तळ तपासत होतो, तळ कोरडा. डाग पडला होता बाजूला, वरच्या काठाखाली दोन बोटं, डब्याभोवती मेखलेसारखा गोल. कारण साधं होतं. तेल वर तरंगतं, म्हणून झिरपतंही वरून. पांढऱ्यात नारळाचं दूध एकजीव झालेलं, मोकळं तेल फार नाही, म्हणून तो पास. तर्रीचा नापास. तेल अडवणारा प्रकार लगद्यात मिसळलेला असेल तर असा डबा टिकतो, पण स्वस्तातल्या डब्यात तो असतोच असं नाही. पाणी ओतून ते कळत नाही. कढत तेलकट रस्सा भरून, कागदावर ठेवून, तासानं बाजूला बोट फिरवायचं.

दुसरं दुखणं झाकणाचं. उकळता रस्सा भरून लगेच झाकण दाबलं की वाफ काठ मऊ करते आणि झाकण आतून ढकलते. सोन्या असे चार डबे घेऊन स्कूटरवरून राजारामपुरीला निघाला. पहिल्याच गतिरोधकाला दोन झाकणं उठली. तांबडा पायदानावरून वाहत सोन्याच्या चपलेत शिरला. चौकातल्या एका कुत्र्यानं त्या स्कूटरचा अर्धा किलोमीटर पाठलाग केला.

त्यावर वहिनींनी उपाय काढला. रस्सा पळीनं ढवळत सात-आठ मिनिटं थांबायचं, डबा पाऊण भरायचा, मग झाकायचं. आणि तर्री वेगळी द्यायची, एवढ्याशा काचेच्या बाटलीत. गळती थांबली. पण तीस छोट्या बाटल्या दर रविवारी आणायच्या कुठून? शेजारच्या मेडिकलवाल्याकडं मी खोकल्याच्या रिकाम्या बाटल्यांची चौकशी केली. वहिनींनी माझ्याकडं ज्या नजरेनं पाहिलं, ती अजून विसरलो नाही.

भाकरीचा प्रश्न त्यामानानं लगेच मिटला. आधी वर्तमानपत्र होतं. शाईमुळं अन्न त्यात बांधू नये असं सरकारनंच सांगितलंय, आणि भाकरीवर कालचं राशिभविष्य उलटं उमटतं ते वेगळंच. आता केळीचं पान. सुक्यालाही तेच, वरून पुठ्ठ्याची पेटी. पान चुलीवर किंचित शेकलं की चिरत नाही.

मग वहिनी वही घेऊन बसल्या. पूर्वी एका पार्सलला पिशव्या-रबराचे तीन रुपये पडायचे. चिपाडाचे दोन झाकणवाले डबे चौदा, पेटी-पान सात, म्हणजे एकवीस. पार्सलमागं सुटत होते चाळीस.

"निम्मा नफा डब्यात गेला की ओ भावजी. मग मी रस्सा विकतोय का डबं?"

ह्यावर उत्तर नव्हतं. पार्सल २३५ ला केलं असतं तर समोरच्या गल्लीतल्या पिशवीवाल्याकडं गिऱ्हाईक गेलं असतं. म्हणून आम्ही स्टीलवर आलो. घट्ट झाकणाचे दोन डबे २४० रुपयांना, अनामत दोनशे. जोडी तीस वेळा फिरली तर फेरीला आठ रुपये. घरून किटली आणेल त्याला पार्सलमागं दहा रुपये कमी. किटलीवाले लगेच वाढले, कारण गंगावेशीत धारोष्ण दुधाला भांडं घेऊन जायची सवय इथं आहेच.

पण स्टीलचे डबे परतायला तीन-तीन आठवडे लागू लागले, आणि तीस फेऱ्यांचं माझं गणित डळमळलं. मला वाटलं, लोक ढापतायत. तसं नव्हतं. रिकामा डबा परत द्यायचा नाही, ही आपली रीत. बायका डबा घासून ठेवत आणि आत घालायला काहीतरी होईपर्यंत थांबत. मग डबे यायचे ते साखर, शेंगदाण्याची चटणी, संक्रांतीत तिळगूळ, एकदा गुळाचा खडा घेऊन. वहिनींच्या फळीवर आता वर्षभराची चटणी आहे.

गेल्या रविवारी राजारामपुरीच्या काकूंचे दोन डबे महिन्यानं आले. एकात लाडू होते. दुसऱ्यात पांढरा रस्सा, त्यांनी स्वतः केलेला. सोबत निरोप, चव बघून सांगा म्हणून.

वहिनींनी चमचाभर घेतला. थांबल्या. पुन्हा चमचाभर घेतला.

"मीठ कमी हाय," त्या म्हणाल्या, आणि डबा माझ्यापासून लांब सरकवला.