जुलैतलं दार आणि परदेशी पुस्तक

भाडेकरूने घरदुरुस्तीचं पुस्तक जरूर घ्यावं, फक्त ते कुठल्या भिंतींसाठी लिहिलंय हे आधी बघावं. माझं जाडजूड पुस्तक अमेरिकेतलं, त्यात फळी लावायचा धडा सुरूच होतो भिंतीतले लाकडी खांब शोधण्यापासून, म्हणे साधारण दर 16 इंचांवर एक सापडतो. आमची रत्नागिरीतली चिऱ्याची भिंत, तिच्यात खांब कुठले आणायचे? त्यात मालकीणकाकूंची अट, "भिंतीला खिळा मारायचा नाय हां!" अख्खा धडा बाद.

दाराचा धडा मात्र कामाला आला. पाऊस सुरू झाला आणि बेडरूमचं दार अडायला लागलं, उघडायला खांदा, लावायला लाथ. सुतार म्हणाला, "गणपती झाले की येतो," आणि हे जुलैत! शेजारचे भाऊ म्हणाले, रंधा मार नि मोकळा हो. पुस्तक म्हणतं, आधी दाराच्या कडेला खडू चोळ, दार लाव आणि चौकटीवर खडू कुठे उठतो ते बघ. कारण लाकूड ओलीने रुंदीत फुगतं, लांबीत जवळजवळ नाहीच. कडीच्या बाजूला वरपासून खालपर्यंत घासत असेल तर दार फुगलंय, पण त्याच बाजूचा वरचा कोपरा चौकटीला आणि खालचा लादीला घासत असेल तर वरची बिजागरी सैल होऊन दार झुकलंय.

माझा खडू वरच्या कोपऱ्यालाच उठला. बिजागरीचे स्क्रू नुसते गोल फिरत होते, एक तर गंजून बोटानेच बाहेर आला, खाऱ्या हवेची कृपा.

पुस्तकाचं निखळलेलं पुठ्ठ्याचं कव्हर आणि वर पेपरच्या घड्या दाराखाली सरकवून दार उचलून धरलं (एका वेळी एकच बिजागरी सोडायची, नाहीतर दार अंगावर). भोकात गूल काढलेल्या काड्या फेव्हिकॉलमध्ये बुडवून गच्च ठोकायच्या. काड्या लाकडीच हव्यात, दुकानदार हमखास मेणाच्या देतो, त्या तिथे काही कामाच्या नाहीत. पुस्तकाच्या मते एका रात्रीत सुकतं, पण त्या पुस्तकाला आमचा जुलै माहीत नाही, इथे फेव्हिकॉल दुसऱ्या दिवशीही पांढराच, म्हणजे ओलाच. तो पारदर्शक झाल्यावर वरच्या काड्या ब्लेडने कापल्या आणि त्याच जाडीचे, जरा लांब स्टेनलेस स्टीलचे स्क्रू आवळले. दार उचललं गेलं!

थोडं घासत होतं तिथे मेणबत्ती चोळली. रंध्याला हात लावला नाही, पावसात छिललेलं दार मार्चमध्ये आक्रसतं आणि फट कायमची राहते, शिवाय दार काकूंचं, डिपॉझिट माझं.

काकूंनी दार दोनदा उघडून बघितलं आणि म्हणाल्या, "मग आता न्हाणीचं पण बघ." ते खालून कुजलंय, तिथे काड्या चालत नाहीत, कुजका भाग कापून नवं लाकूड जोडावं लागतं. मी म्हटलं, गणपती झाले की बघतो.