मेंटेनन्स स्क्वेअर फुटावर की सगळ्यांना सारखा? आणि लिफ्टचं काय?

सप्टेंबर जवळ आला की वार्षिक सभा येते आणि सभा आली की आमच्या सांगलीतल्या सोसायटीच्या ग्रुपवर तोच वाद सुरू, मेंटेनन्स स्क्वेअर फुटावर लावा म्हणणारे एकीकडं आणि सगळ्यांना सारखा लावा म्हणणारे दुसरीकडं. कोण कुठल्या बाजूला हे सांगायची गरजच नाही, वन बीएचकेवाले स्क्वेअर फुटाचे आणि टू बीएचकेवाले सारख्याचे. सभेत दोन मिनिटांत आवाज चढतात म्हणून इथं निवांत लिहितोय.

माझं म्हणणं एवढंच की अख्खं बिल एकाच मापानं वाटायचा हट्टच चुकीचा आहे. आपल्या उपविधींत प्रत्येक खर्चाचं माप वेगळं दिलंय. वॉचमन, झाडलोट, जिन्यातली लाईट, हिशेब लिहिणारा हे सगळं सेवा शुल्कात येतं आणि ते प्रत्येक फ्लॅटला सारखं. वॉचमन काय मोठ्या फ्लॅटसाठी जास्त जागा राहतो का? पाण्याचं बिल नळांच्या संख्येवर आणि साईजवर. दुरुस्ती निधी आणि सिंकिंग फंड बांधकाम खर्चाच्या टक्केवारीवर, वर्षाला कमीत कमी पाऊण टक्का आणि पाव टक्का, जमिनीची किंमत वगळून. बांधकाम खर्च क्षेत्रफळाबरोबर वाढतो, म्हणजे हे दोन निधी आपोआपच मोठ्या फ्लॅटला जास्त लागतात. दोन्ही पार्ट्या आपापल्या जागी अर्ध्या बरोबर आहेत!

(एक आधीच सांगतो, तुमची बिल्डिंग सोसायटी आहे का अपार्टमेंट हे बघून घ्या. सांगलीत बऱ्याच बिल्डिंगा डिक्लरेशन डीडवाल्या आहेत, तिथं १९७० चा अपार्टमेंट कायदा लागतो आणि सामायिक खर्च डीडमध्ये लिहिलेल्या हिश्श्याच्या टक्क्यानं वाटायचा असतो. पुढचं सगळं सोसायटीबद्दल आहे.)

आता आमचाच हिशेब घ्या. खाली पार्किंग, वर पाच मजले, मजल्याला चार फ्लॅट, एकूण २०. निम्मे ६०० स्क्वेअर फुटाचे, निम्मे ९५० चे. वॉचमन, सफाई, लाईट वगैरेला महिन्याला १८ हजार आणि लिफ्टचं एएमसी आणि करंट मिळून ६ हजार, म्हणजे २४ हजार भागिले २०, प्रत्येकी १२००. बांधकाम खर्च त्यावेळी १२०० रुपये फूट होता, दोन्ही निधी मिळून त्याचा एक टक्का म्हणजे वर्षाला फुटामागं १२ रुपये, महिन्याला बरोबर एक रुपया. म्हणून छोट्या फ्लॅटला ६०० आणि मोठ्याला ९५०. एकूण १८०० आणि २१५०. हेच सगळं स्क्वेअर फुटावर टाकलं असतं तर छोट्याला साधारण १५३० आणि मोठ्याला २४२० आले असते. टू बीएचकेवाले का भडकतात ते कळलं असेल, आणि यात त्यांचं खरंय.

खरा गुंता लिफ्टचा आहे. लिफ्टची दुरुस्ती, देखभाल आणि चालवायचा खर्च त्या बिल्डिंगमधल्या सगळ्या सभासदांनी सारखा द्यायचा, वापरा किंवा वापरू नका, असं उपविधीत स्पष्ट आहे. त्यामुळं पहिल्या मजल्यावरचे काका दरवर्षी म्हणतात की मी लिफ्टला हातसुद्धा लावत नाही, तरी त्यांना द्यावं लागतंच. पण त्याच उपविधीत मोठ्या दुरुस्तीचा वेगळा निधीही आहे आणि तो मात्र क्षेत्रफळावर गोळा करायचा! मग आमच्यासारख्या जुन्या लिफ्टला नवा कंट्रोल पॅनल, ड्राईव्ह, दोर हे सगळं बदलायचं म्हटलं की भांडण लागलं, ही लिफ्टची दुरुस्ती की मोठी दुरुस्ती?

माझं मत, लिफ्टचं. लिफ्टसाठी वेगळी ओळ दिलेली असताना रक्कम मोठी झाली म्हणून ती ओळ बदलत नाही. मोठ्या दुरुस्तीत भिंतींचं प्लास्टर, गच्चीचं वॉटरप्रूफिंग, कॉलमचं काम येऊदे. आणि भांडण कितीचं ते पण बघा. आमच्या कोटेशनप्रमाणं पाच वर्षांत लागणार ४ लाख २० हजार, महिन्याला ७ हजार, सारखे वाटले तर प्रत्येकी ३५०. क्षेत्रफळावर वाटले तर छोट्याला २७१ आणि मोठ्याला ४२९. महिन्याला ७९ रुपयांसाठी सभा तहकूब होते आमच्यात.

तहकूब होऊन काय होतं ते लिफ्ट सांगत असते, बघणारा पाहिजे. आमची लिफ्ट काही दिवस मजल्याला बरोबर लागत नव्हती, बोटभर खाली थांबायची, म्हाताऱ्या माणसांचा पाय अडखळायचा. ब्रेकचे लायनर झिजले तरी असं होतं, म्हणून वर मशीन रूममध्ये जाऊन बघितलं तर मशीनखाली लालसर भुकटी पडलेली आणि दोराच्या दोन-तीन तारा तुटून काट्यासारख्या वर आलेल्या. दोर आतून गंजून झिजायला लागला की अशी भुकटी पडते. मेकॅनिकला विचारलं तर म्हणे दोर एकटा बदलून उपयोग नाही, पुलीच्या खाचा खोल गेल्यात, जुन्या खाचेत नवा दोर टाकला तर तोही लवकर जाणार. म्हणजे दोर आणि पुली दोन्हीचे पैसे एकदम पाहिजेत आणि खात्यात तेवढे नाहीत, मग माणशी वर्गणी, मग कोण देतंय कोण नाही.

सिंकिंग फंडातून काढूया म्हणणारेही असतातच. तो पैसा बिल्डिंग परत बांधायला किंवा आर्किटेक्टनं सांगितलेल्या स्ट्रक्चरच्या मोठ्या कामाला असतो, लिफ्टच्या दोराला नाही.

शिवाय आपण सांगलीकर. २०१९ ला आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, २०२१ ला परत आलं, आणि बिल्डिंगमधला सगळ्यात खोल खड्डा म्हणजे लिफ्टचा पिट. बफर, गव्हर्नरची खालची पुली, लिमिट स्विच, वायरिंग असं बरंच काही तिथं असतं. पाणी पार्किंगमध्ये यायच्या आधी लिफ्ट वरच्या मजल्यावर नेऊन मशीन रूममधून मेन स्विच बंद करायचा, आणि पाणी उतरल्यावर पिट उपसून, वाळवून, मेकॅनिकनं तपासल्याशिवाय कुणी चालू करायची नाही. एएमसी आहे की म्हणून निवांत राहू नका, आमच्या करारात बारीक अक्षरात लिहिलंय की पाण्यानं झालेलं नुकसान त्यात नाही. पुराचा खर्च लिफ्ट निधीत धरावाच लागतो, नाहीतर बिल्डिंगच्या विम्यात पूर आहे का ते तपासा.

तर सभेत ठराव असा पाहिजे: लिफ्ट निधी म्हणून बिलात वेगळी ओळ, प्रत्येक फ्लॅटला ३५०, दर दोन वर्षांनी कोटेशन घेऊन रक्कम बदलायची, पैसे सोसायटीच्या नावानं वेगळ्या एफडीत, आणि दोर, पुली, ब्रेक, पॅनल, दरवाजे, बॅटरी आणि पिट एवढ्यालाच वापरायचे, रंगकामाला नाही. सभेची नोटीस पूर्ण १४ दिवस आधी द्यावी लागते, ऐनवेळच्या विषयात हे घेतलं की कोणतरी हरकत घेणारच. तेव्हा सेक्रेटरीसाहेब, विषयपत्रिका अजून छापली नसेल तर हा विषय आत्ताच टाका, आणि आकड्यांचा कागद पण सोबत जोडा.