जाळी बसवून पाणी लॅमिनार होत नसतंय, दाजी

"शेतकरी मित्रांनो, मोटारीच्या पुढं ही लॅमिनार जाळी बसवा. पाण्यातले भोवरे मोडतात, रेनॉल्ड्स नंबर 2000 च्या खाली येतो, पाइपातलं घर्षण संपतं, लाईट बिल निम्मं होतं. पीव्हीसी गुळगुळीत असल्यामुळं रिझल्ट डबल. ड्रिपवाल्यांनी तर बसवाच. पुढं पाठवा."

हा मेसेज मला आतापर्यंत चार ग्रुपवर आला आणि चारही वेळा मी गप्प बसलो, पण मागच्या रविवारी अंबडकडं ताईकडं गेलो तर शेततळ्यावरच्या मोटारीपुढं ती जाळी बसवलेली! दाजींनी चार हजार आठशे मोजले होते आणि वर मलाच सांगत होते, "तू इंजिनिअर ना, तुला माहीतच असंल." माहीत आहे म्हणूनच डोकं फिरलं राव.

लॅमिनार म्हणजे पाणी थराथरानं, एकमेकांत न मिसळता सरळ वाहणं, आणि टर्ब्युलंट म्हणजे भोवरे खात वाहणं. सगळ्यात मोठी फेक आधी घेतो, म्हणजे नंबर 2000 च्या खाली येतो ही. रेनॉल्ड्स नंबर काढायला तीनच गोष्टी लागतात, पाण्याचा वेग, पाइपाचा आतला व्यास आणि पाण्याचा चिकटपणा:

```
Re = v × D / ν
```

आता जाळीच्या पुढं पाइप तोच, पाणी तेच, लिटरही तेवढेच, मग नंबर कशानं उतरला? सूत्रात जाळीला जागाच नाही. दाजींच्या लाइनचा हिशोब त्यांच्याच बांधावर बसून केला. अडीच इंची पाइप, आतून साधारण 70 मिलिमीटर. मोटार सेकंदाला 6 लिटर देते, म्हणजे पाइपात वेग झाला 1.56 मीटर. पाण्याचा चिकटपणा, म्हणजे सूत्रातला ν, साधारण 0.000001 धरला की नंबर येतो 1 लाख 9 हजार. मे महिन्यात उन्हात पडलेल्या पाइपात पाणी तापून अजून पातळ होतं, तेव्हा तो आणखी वर जातो. जाळीला 5 मिलिमीटरची भोकं आहेत, त्या भोकात वेग 2 मीटर धरला तर एकेका भोकातसुद्धा नंबर 10 हजार येतो. म्हणजे जाळीच्या पोटातही पाणी 2000 च्या खाली जात नाही, पुढं 600 मीटरच्या लाइनीचं तर सोडाच.

उलट बाजूनं बघू. या पाइपात नंबर खरंच 2000 वर आणायचा तर वेग सेकंदाला 2.9 सेंटिमीटर ठेवावा लागेल. तेवढ्या वेगानं पाणी येणार मिनिटाला साडेसहा लिटर, म्हणजे 15 लिटरची एक बादली भरायला सव्वादोन मिनिटं, आणि तळ्यावर शिरलेलं पाणी 600 मीटरवरच्या मोसंबीपर्यंत पोचायला जवळजवळ सहा तास. लाईट आठ तास राहिली तर शेवटचे दोन तास तुम्ही बादल्या भरत बसा.

आता हे 2000 आलं कुठून, कारण मेसेजवाल्यानं आकडा बरोबर उचललाय आणि अर्थ उलटा लावलाय. मँचेस्टरला ऑस्बोर्न रेनॉल्ड्स नावाचे प्रोफेसर होते, त्यांनी 1883 मध्ये हा प्रयोग छापला. पाण्याच्या टाकीत काचेची नळी, नळीच्या तोंडाला कर्ण्यासारखा आकार, आणि त्यातून रंगाची एक बारीक धार सोडलेली. वेग कमी असला की रंगाची रेघ नळीभर सरळ जायची, वेग वाढवत नेला की एका ठिकाणी रेघ एकदम फुटायची आणि पुढचं सगळं पाणी रंगून जायचं.

असं का होतं ते समजलं की जाळीचं सोंग आपोआप उघडं पडतं. पाइपाच्या भिंतीला लागलेलं पाणी जागेवर चिकटून असतं आणि मधलं सगळ्यात जोरात पळतं. मध्ये कुठंतरी एखादा धक्का बसतो, जॉइंटचा असो, मोटारीच्या थरथरीचा असो, आणि थोडं पाणी आपली वाट सोडून आडवं जातं. त्याला परत रेषेत ओढायचं काम चिकटपणा करतो, आणि आडवं गेलेलं तसंच पुढं रेटायचं काम त्याचा वेग आणि वजन करतं. काकवी ओतताना धार कशी एकसंध पडते, कारण तिथं चिकटपणा जिंकतो. रेनॉल्ड्स नंबर म्हणजे या दोघांची कुस्ती, वरती रेटा आणि खाली चिकटपणा. नंबर लहान तर धक्का तिथंच जिरतो, मोठा तर एका धक्क्याचे दहा भोवरे होतात.

रेनॉल्ड्सनं अजून एक काम केलं, ते या मेसेजवाल्यानं वाचलं असतं तर बरं झालं असतं. शिशाच्या पाइपात त्यानं मुद्दाम खवळलेलं पाणी सोडलं आणि ते पुढं जाऊन शांत होतं का ते तपासलं. ठरावीक वेगाच्या खाली ते आपोआप शांत व्हायचं, त्या वेगाच्या वर काही केल्या नाही. गोल सरळ पाइपात ती सीमा साधारण 2000 ला येते, 2011 मध्ये फार बारकाईनं मोजली तर 2040 भरली. म्हणजे 2000 च्या खाली भोवरे मोडायला जाळी लागतच नाही, पाणी स्वतःच मोडतं. आणि लाखाच्या वर जाळीनं मोडलेले भोवरे थोड्याच अंतरात पुन्हा तयार होतात, त्यातून दाजींच्या लाइनीत जाळीच्या पुढं दोनच हातांवर काटकोनी एल्बो आहे!

आता थोडं खरं आहे ते मान्य करतो, नाहीतर म्हणाल हा नुसता भांडायलाच बसलाय. लॅमिनारमध्ये घर्षण कमी असतं हे खरंय, आणि थोडंथोडकं नाही. टर्ब्युलंट प्रवाहात भोवरे मधलं जोरातलं पाणी सारखं भिंतीपाशी आणून आदळतात, त्यामुळं भिंतीजवळ वेग एकदम चढतो आणि ओढ वाढते, ती ओढ भागवायला प्रेशर खर्च होतं. दाजींच्या 600 मीटर लाइनीत असं साडेअठरा मीटर हेड निव्वळ घर्षणात जातं, म्हणजे जवळपास 1.8 किलो प्रेशर. हेच पाणी एवढ्याच वेगानं लॅमिनार राहिलं असतं तर हिशोबानं फक्त 60 सेंटिमीटर गेलं असतं. आकडा बघून कुणालाही मोह होईल. रेनॉल्ड्सनंसुद्धा नळीचं तोंड गुळगुळीत ठेवून, टाकीतलं पाणी तासन्‌तास स्थिर होऊ देऊन 12-13 हजारांपर्यंत रेघ सरळ ठेवली होती. आणि 2018 मध्ये ऑस्ट्रियातल्या लॅबमध्ये नळीत अडथळा बसवून, वेगाची मांडणी बदलून टर्ब्युलंट पाणी परत लॅमिनार करून दाखवलंय, तेही खरं. पण अडथळ्यानं ते जमलं काही हजारांच्या नंबरला, गुळगुळीत सरळ नळीत. मोटारीच्या तोंडाशी, नॉन-रिटर्न व्हॉल्व्हच्या पुढं, 1 लाख 9 हजारला ते होणार नाही.

मग दाजींना "फरक" दिसला कसा? विकणाऱ्यानं चिमटा मीटर लावून दाखवलं होतं, आधी साडेसात अँपियर, जाळी बसवल्यावर सात. "बघा साहेब, लोड उतरला." दाजी खूश. मी म्हटलं, दाजी, पाणी मोजलं का? तर नाही. मग 200 लिटरचा ड्रम लावला आणि मोबाईलवर टाइम लावला. जाळी काढून ड्रम 33 सेकंदांत भरला, जाळी बसवून 37 सेकंदांत. तळ्यावरची साधी सेंट्रीफ्युगल मोटार कमी पाणी ढकलते तेव्हा करंटही कमी घेते, म्हणून तोंडाशी बोळा कोंबला तरी अँपियर उतरतात. करंट सातेक टक्के उतरला, पाणी दहा टक्के उतरलं, म्हणजे तेवढीच बाग भिजवायला मोटार जास्त वेळ चालणार आणि एकूण युनिट थोडे जास्तच पडणार. प्रेशर गेजचीही तीच गंमत, तो जाळीच्या मोटारीकडच्या बाजूला लावलाय, तिथं काटा चढणारच, कारण पुढं अडलंय. जाळी उघडली तर अर्ध्या भोकांत शेवाळ, बसवून तीन आठवडे झाले नव्हते.

गुळगुळीत पीव्हीसीचा मुद्दा एका वाक्यात, रेनॉल्ड्सची नळी काचेची होती तरी रेघ फुटलीच. नंबरमध्ये खरखरीतपणा येतच नाही, टर्ब्युलंट झाल्यावर घर्षण किती वाढेल ते तो ठरवतो, म्हणून जुन्या गंजलेल्या लोखंडी पाइपापेक्षा पीव्हीसी बरी, एवढंच.

ड्रिपचं तर या माणसाला काहीच माहीत नाही. 16 एमएमच्या लॅटरलला, आतून 14 धरा, ताशी 4 लिटरचे 50 ड्रिपर असतील तर सुरुवातीला नंबर 5 हजाराच्या आसपास असतो आणि प्रत्येक ड्रिपरपाशी पाणी कमी होत शेवटच्या वीसेक ड्रिपरपर्यंत तो आपोआप 2000 च्या खाली येतो. एकाच नळीत मागं टर्ब्युलंट, पुढं लॅमिनार, जाळी न लावता. आणि ड्रिपरच्या आत तर नागमोडी वाट मुद्दाम भोवरे व्हावेत म्हणून केलेली असते, तिथं प्रेशर दुप्पट झालं तर पाणी दीडपटही होत नाही, लॅमिनार ड्रिपर असता तर दुप्पट झालं असतं, आणि उन्हानं पाणी तापल्यावर वेगळंच. कंपनी पैसे खर्चून भोवरे तयार करते आणि तुम्ही ते मोडायला पैसे देता.

घर्षण खरंच कमी करायचंय तर पाण्याला लॅमिनार करायच्या नादी लागू नका, टर्ब्युलंटच राहू द्या आणि वेग उतरवा. टर्ब्युलंटमध्ये पाणी दुप्पट केलं की प्रेशरची घट सव्वातीन-साडेतीन पट होते, लॅमिनारमध्ये नुसती दुप्पट, म्हणून वेगाची किंमत आपल्या लाइनीत जास्त मोजावी लागते. तेच 6 लिटर तीन इंची पाइपातून, आतून 84 मिलिमीटर, नेले तर वेग 1.08 मीटरवर येतो, नंबर अजूनही 90 हजार, पूर्ण टर्ब्युलंट, पण घट साडेअठरा मीटरवरून पावणेआठ मीटर. फक्त एक ध्यानात ठेवा, अडथळा कमी झाल्यावर हीच मोटार पाणी जास्त ढकलेल आणि अँपियर थोडे वर जातील, तेव्हा घाबरून परत जाळी बसवू नका. पाणी ड्रमनं मोजा आणि मोटार किती तास चालली ते बघा.

दाजींनी हे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मग 600 मीटर तीन इंचीला किती जातील?" म्हटलं, आधी त्या चार हजार आठशेचं बोला. विकणाऱ्याचा नंबर आता लागत नाही म्हणे.